साथीत रुग्ण कोणाला म्हणायचं: संशयित, संभाव्य आणि खात्रीचा

१३ फेब्रुवारी २०२० ला चीनच्या हुबेई प्रांताने आदल्या दिवसाचा आकडा जाहीर केला: १४,८४० नवे कोविड रुग्ण. त्याआधीचे दिवस दीड-दोन हजारांच्या आसपास होते, त्यामुळे जगभर धडकी भरली. विषाणू मात्र एका रात्रीत इतका पसरलेला नव्हता. या १४,८४० पैकी १३,३३२ जणांची पीसीआर चाचणीने खात्री झालेली नव्हती. लक्षणं आणि छातीचा सीटी स्कॅन पाहून डॉक्टरांनी त्यांचं निदान केलं होतं, आणि अशा लोकांना मोजणीत धरायचं असं हुबेईपुरतं नुकतंच ठरलं होतं. पुढच्या आठवड्यात ही वर्गवारी काढून टाकली आणि रोजचा आकडा पुन्हा खाली आला.

कोणाला रुग्ण धरायचं याची चीनमधली व्याख्या पहिल्या काही आठवड्यांत अनेकदा बदलली. हाँगकाँगच्या संशोधकांनी नंतर हिशोब मांडला. २० फेब्रुवारीपर्यंत चीनमध्ये ५५,५०८ रुग्ण नोंदले गेले होते. पाचव्या आवृत्तीतली सैल व्याख्या पहिल्या दिवसापासून लावली असती आणि चाचण्या पुरेशा असत्या, तर हाच आकडा सुमारे २,३२,००० झाला असता असा त्यांचा अंदाज निघाला. चौपटीहून जास्त. म्हणजे साथीचा आलेख वाचताना आपण दोन गोष्टी एकत्र वाचत असतो: आजार किती पसरला, आणि आजारी कोणाला म्हणायचं हे कसं ठरवलं.

हे ठरवणाऱ्या वाक्याला रुग्णव्याख्या म्हणतात. प्रत्यक्ष काम करणारे सरळ ‘केस डेफिनिशन’ म्हणतात. डॉक्टर एका माणसाचं निदान करतो ती गोष्ट वेगळी. तिथे नाडी, इतिहास, अनुभव, शंका असं सगळं वापरता येतं, आणि दोन डॉक्टरांची मतं वेगळी पडली तरी चालतं. रुग्णव्याख्या मोजणीसाठी असते. वीस कार्यकर्ते वीस वस्त्यांत फिरत असले तरी तोच माणूस समोर आल्यावर सगळ्यांचं उत्तर एकच यायला हवं. म्हणून तिचे शब्द तपासता येण्याजोगे लागतात. ‘जुलाब’ असं नुसतं लिहून भागत नाही. ‘२४ तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच’ असं लिहिलं, तर विचारणारा आणि सांगणारा एकाच गोष्टीबद्दल बोलतात.

एक काल्पनिक साथ घेऊन ही व्याख्या लिहूनच पाहू.

दहा हजार लोकांची एक वस्ती आहे. पाण्याच्या दोन नळयोजना आहेत, ‘अ’ आणि ‘ब’, आणि प्रत्येकीवर पाच हजार माणसं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दवाखान्यात काविळीचे रुग्ण नेहमीपेक्षा खूप जास्त येऊ लागतात. सगळ्यांत जुना माहीत असलेला रुग्ण २८ जुलैला आजारी पडलेला आहे. पहिले काही रक्तनमुने हिपॅटायटिस ई दाखवतात. हा विषाणू बहुतेक वेळा दूषित पाण्यातून येतो, आणि शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते दहा आठवडे लागू शकतात.

व्याख्येत चार गोष्टी लागतात: आजार कसा दिसतो, कधीपासून, कुठे, आणि कोणाला. आजाराचा भाग सगळे मन लावून लिहितात. काळ आणि जागा मात्र घाईत उरकल्या जातात आणि पुढे त्रास तिथूनच सुरू होतो.

काळाचं पाहा. पहिला रुग्ण २८ जुलैचा आहे म्हणून ‘२८ जुलैपासून’ असं लिहिलं, तर त्याआधीचा रुग्ण आपल्याला कधीच सापडणार नाही, कारण आपण त्याला शोधणारच नाही. म्हणून मोजणी मागे न्यायची. समजा १ जुलै धरला. मग दवाखान्यांच्या नोंदवह्या आणि प्रयोगशाळेतले काविळीचे अहवाल तपासायचे आणि आजार सुरू झाल्याच्या तारखांनुसार आलेख काढायचा. जुलैचा पहिला आठवडा रिकामा आला तर तारीख ठीक निवडली. १, २ आणि ३ जुलैला रुग्ण दिसले तर ती तारीख उशिराची आहे, आणखी मागे जायला हवं.

जागेचंही तसंच. ‘वस्तीतले रहिवासी’ असं लिहिलं की पाहुणे, रोज कामाला येणारे आणि लग्नाला येऊन गेलेले लोक बाहेर राहतात. खरं तर तपासणाऱ्याच्या दृष्टीने तेच फार मोलाचे असतात. एखादी व्यक्ती फक्त ११ जुलैला या वस्तीत होती आणि तिला १५ ऑगस्टला कावीळ झाली, तर पाणी कोणत्या दिवशी दूषित होतं याचा तिच्याइतका चांगला साक्षीदार नाही. रहिवाशांनी रोजच पाणी प्यायलेलं असतं. नेमक्या कोणत्या दिवसाच्या पाण्याने घात केला, हे त्यांच्याकडून कळत नाही.

आता तीन पातळ्या लिहू.

संशयित रुग्ण: १ जुलैला किंवा त्यानंतर आजारी पडलेली आणि आजारी पडण्याआधीच्या दहा आठवड्यांत किमान एक दिवस या वस्तीत असलेली कोणतीही व्यक्ती, जिला डोळे पिवळे होणं किंवा लघवी गडद होणं यांपैकी काही झालं, किंवा तीन दिवसांहून अधिक काळ मळमळ, भूक मरणं आणि थकवा हे तिन्ही झालं.

संभाव्य रुग्ण: संशयितांपैकी अशी व्यक्ती, जिचे पिवळे डोळे आरोग्य कर्मचाऱ्याने स्वतः पाहिले किंवा जिच्या रक्तातलं एएलटी हे यकृताचं एन्झाइम नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या अडीच पटींहून जास्त निघालं, आणि जिच्या काविळीचं दुसरं कारण आधीच ठरलेलं नाही. पित्ताशयातले खडे, जुना यकृतविकार, नवजात बाळांची कावीळ ही अशी दुसरी कारणं.

खात्रीचा रुग्ण: वरच्या दोन्हींपैकी कोणीही, ज्याच्या रक्तात हिपॅटायटिस ई विरुद्धची, अलीकडच्या संसर्गात तयार होणारी आयजीएम प्रतिपिंडं सापडली.

एक माणूस एका वेळी एकाच पातळीत असतो, त्याला मिळालेल्या सगळ्यांत वरच्या. चाचणी आली की तो वर सरकतो, किंवा यादीतून बाहेर पडतो. लक्षणं अजिबात नसलेल्या पण आयजीएम सापडलेल्या माणसाला या व्याख्येत जागा नाही, आणि ते मुद्दाम ठेवलं आहे. ही प्रतिपिंडं काही महिने रक्तात राहू शकतात. त्यामुळे तो संसर्ग या साथीतला की त्याआधीचा, हे एका चाचणीवरून सांगता येत नाही. अशांची यादी वेगळी ठेवायची.

पण मुळात एकच चांगली व्याख्या लिहून मोकळं का व्हायचं नाही? तीन पातळ्यांचा खटाटोप कशासाठी? उत्तर आकड्यांत आहे, आणि ते पहिल्यांदा पाहताना बहुतेकांना अनपेक्षित वाटतं.

आपली साथ कल्पनेतली असल्यामुळे आपल्याला सत्य माहीत आहे असं धरता येतं. समजा ‘अ’ योजनेवरच्या २०० लोकांना खरोखर हिपॅटायटिस ईचा आजार झाला आणि ‘ब’वरच्या २० लोकांना. ‘अ’वर धोका दहापट. तपासणाऱ्या पथकाला हेच शोधून काढायचं आहे.

पथकाने सगळ्यांत सैल मोजणी केली, म्हणजे संशयित आणि त्यावरचे सगळे धरले. या व्याख्येत खऱ्या रुग्णांपैकी ९५ टक्के सापडतात असं धरू: ‘अ’मध्ये १९०, ‘ब’मध्ये १९. शोधायला आलो म्हणून हे उत्तम. पण मळमळ आणि थकवा दुसऱ्या कितीतरी कारणांनी होतो. ज्यांना हा आजार नाही अशांपैकी दोन टक्के लोकही या व्याख्येत बसतात असं समजू. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण निरोगी लोक आहेत जवळजवळ दहा हजार! ‘अ’मध्ये ९६ आणि ‘ब’मध्ये १०० माणसं चुकून आत आली. आता मोजणी झाली ‘अ’मध्ये २८६ आणि ‘ब’मध्ये ११९. दहापटीचा धोका आकड्यांत जेमतेम २.४ पट उरला. ‘ब’च्या यादीतले बहुतेक लोक तर या साथीचे रुग्णच नाहीत.

आता ‘संभाव्य’ची अट लावू. ही कडक आहे. हिपॅटायटिस ईमध्ये अनेकांना, विशेषतः लहान मुलांना, कावीळ दिसतच नाही, त्यामुळे खऱ्या रुग्णांपैकी ६० टक्केच हाती लागतात असं धरू: ‘अ’मध्ये १२०, ‘ब’मध्ये १२. पण चुकून आत येणारे आता हजारात एकच, म्हणजे दोन्हीकडे पाच-पाच. मोजणी झाली १२५ आणि १७. गुणोत्तर ७.४ पट. खऱ्या दहापटीच्या बरंच जवळ.

पहिल्या व्याख्येने फक्त पाच टक्के रुग्ण गमावले आणि तरी चित्र धूसर केलं. दुसरीने ४० टक्के गमावले आणि चित्र स्वच्छ ठेवलं. याचं कारण असं की खरे रुग्ण दोन्ही बाजूंना सारख्याच प्रमाणात सुटले, तर गुणोत्तर फारसं हलत नाही. १२० आणि १२ यांच्यातही दहापटच आहे. पण रुग्ण नसलेली माणसं दोन्हीकडे सारखी मिसळली, तर फरक पुसला जातो. ती माणसं कोणतंही पाणी पिऊन मळमळली असती, त्यामुळे प्रत्येक जण गुणोत्तराला एककडे ओढतो. चाळणीची भोकं मोठी ठेवली की दाणे वाया जात नाहीत, पण खडेही तितकेच येतात. आणि कारण शोधताना हरवलेल्या दाण्यांपेक्षा आत आलेले खडे जास्त नडतात. पुस्तकी भाषेत दाणे न गमावण्याच्या गुणाला संवेदनशीलता आणि खडे आत न येऊ देण्याच्या गुणाला विशिष्टता म्हणतात.

मग सैल व्याख्या टाकून द्यायची का? मुळीच नाही. तिचं काम दुसरं आहे. हिपॅटायटिस ई बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जातो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर २० ते २५ टक्के स्त्रिया दगावू शकतात. अशा स्त्रीला मळमळ आणि थकवा आहे, डोळे अजून पिवळे नाहीत, म्हणून यादीबाहेर ठेवणं मला अक्षम्य वाटतं. तिच्यासाठी संशयितच्या पातळीवरच रक्ततपासणी आणि देखरेख सुरू झाली पाहिजे. तिथे दहा जणी विनाकारण तपासल्या गेल्या तरी चालेल, एक सुटता कामा नये. त्याच दिवशी, त्याच पथकाला, पाणी कोणतं हे ठरवताना मात्र संभाव्य आणि खात्रीचे एवढेच मोजायचे आहेत. एकाच यादीवर दोन कामं करायची आहेत आणि दोन्हींच्या मागण्या उलट्या आहेत. तीन पातळ्यांमुळे लोक एकदाच नोंदवले जातात आणि कामाप्रमाणे रेषा वर-खाली सरकवता येते.

सैलपणाची किंमत प्रत्येक आजारात सारखी नसते. इबोलामध्ये संशयित म्हणून चुकून दाखल झालेला मलेरियाचा रुग्ण खऱ्या इबोला रुग्णाशेजारी झोपला, तर त्याला तिथे इबोला होऊ शकतो. म्हणून पश्चिम आफ्रिकेतल्या साथीत उपचार केंद्रांमध्ये संशयित आणि खात्रीचे रुग्ण वेगळ्या विभागांत ठेवले जात. तिथे रुग्णव्याख्या ही कोणाला कुठे झोपवायचं हेही ठरवत होती. आपल्या काविळीच्या साथीत हा धोका नाही, माणसाकडून माणसाला हिपॅटायटिस ई सहसा पसरत नाही. त्यामुळे इथे सैल व्याख्या स्वस्त पडते, फक्त वेळ आणि रक्तनमुने खर्च होतात.

इथपर्यंत आल्यावर वाटेल, की विश्लेषणासाठी सगळ्यांत कडक व्याख्या, म्हणजे फक्त ‘खात्रीचे’ रुग्ण, सगळ्यांत चांगली. ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती धोक्याची आहे.

खात्रीचा रुग्ण होण्यासाठी दोन गोष्टी लागतात: आजार असणं आणि चाचणी होणं. दुसरी गोष्ट आजारावर अवलंबून नसते. समजा पहिल्याच आठवड्यात बोलबाला झाला की ‘अ’चं पाणी खराब आहे. शिबिर ‘अ’च्या भागात लागलं. तिथे ५० जणांचं रक्त घेतलं, ४५ जणांत आयजीएम सापडलं. ‘ब’मधून तिघे स्वतःहून आले, दोघांत सापडलं. खात्रीचे रुग्ण ४५ आणि २, दोन्हीकडे लोकसंख्या सारखीच. गुणोत्तर साडेबावीस पट! खरा फरक दहापट होता. इथे एकही चाचणी चुकलेली नाही, यादीतला प्रत्येक माणूस खरोखर रुग्ण आहे, आणि तरी निष्कर्ष चुकला, कारण आपण शोधलं तिथेच सापडलं.

खात्रीच्या रुग्णांची यादी नेहमीच अशी एका बाजूला झुकलेली असते. जास्त आजारी, दवाखान्याजवळ राहणारे, चाचणी परवडणारे आणि संशय असलेल्या भागातले लोक तिच्यात जास्त येतात. त्यावरून मृत्यूचं प्रमाण काढलं तर तेही फुगतं, कारण सौम्य आजाराचे लोक छेदात नसतात. ओळखायची खूण सोपी आहे: प्रत्येक भागातल्या संभाव्य रुग्णांपैकी किती जणांची चाचणी झाली, हे शेजारी-शेजारी मांडायचं. एकीकडे निम्म्या लोकांची आणि दुसरीकडे दहातल्या एकाची झाली असेल, तर खात्रीच्या आकड्यांची तुलना करायची नाही, संभाव्य आणि खात्रीचे एकत्र धरून करायची.

यापुढची चूक याहून सूक्ष्म आहे. समजा कोणीतरी उत्साहाने व्याख्येत लिहिलं: ‘‘अ’ योजनेचं पाणी प्यायलेली आणि कावीळ झालेली व्यक्ती’. आता तपास सुरू होण्याआधीच संपला. ‘ब’चं पाणी पिणारा माणूस या व्याख्येत कधी रुग्ण होऊच शकत नाही. शेवटी शंभर टक्के रुग्ण ‘अ’चं पाणी पिणारे निघतील आणि त्याला पुरावा म्हणता येणार नाही. जे सिद्ध करायचं आहे ते व्याख्येत घालायचं नाही, हा या कामातला सगळ्यांत कडक नियम आहे.

तो पाळल्याचं एक चांगलं उदाहरण १९८९ चं आहे. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात तीन स्त्रियांना असह्य स्नायुदुखी आणि रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची प्रचंड वाढ दिसली. तिघीही एल-ट्रिप्टोफॅन नावाचं पूरक औषध घेत होत्या. डॉक्टरांचा संशय लगेच तिथे गेला. पण सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने केलेल्या व्याख्येत ट्रिप्टोफॅनचा उल्लेख नव्हता. तिच्यात तीनच अटी होत्या: रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये किमान १,००० इओसिनोफिल, माणूस कामातून जाईल इतकी स्नायुदुखी, आणि हे दोन्ही समजावून सांगणारा दुसरा संसर्ग किंवा कर्करोग नसणं. मग न्यू मेक्सिकोत रुग्ण आणि निरोगी लोकांची तुलना झाली. अकराच्या अकरा रुग्णांनी ट्रिप्टोफॅन घेतलं होतं, तुलनेसाठी घेतलेल्या २२ जणांपैकी फक्त दोघांनी. औषधाचं नाव व्याख्येत असतं तर या ‘अकरापैकी अकरा’ला काहीच अर्थ उरला नसता. अर्थात कागदावर नाव नसलं तरी बातम्यांतून ते डॉक्टरांच्या डोक्यात पोचलेलं असतं, आणि ट्रिप्टोफॅन घेणाऱ्याची स्नायुदुखी मग जास्त गांभीर्याने तपासली जाते. ही आपत्ती पूर्ण टाळता येत नाही. प्रयोगशाळेच्या जुन्या नोंदींतून रुग्ण शोधले तर ती कमी होते.

उलट बाजूचं उदाहरण पुन्हा २०२० मधलं. सुरुवातीला अमेरिकेत कोविडची चाचणी बहुतांशी चीनहून आलेल्या किंवा ज्ञात रुग्णाच्या संपर्कात आलेल्या लोकांसाठी होती. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका गंभीर रुग्णाचा असा काहीच संबंध नव्हता. निकषात बसत नाही म्हणून चाचणी काही दिवस लांबली. २६ फेब्रुवारीला तिचा निकाल जाहीर झाला, आणि दुसऱ्या दिवशी निकष सैल केले गेले. प्रवासाची अट असेपर्यंत समाजात पसरलेला संसर्ग दिसणं शक्यच नव्हतं, कारण व्याख्याच त्याला रुग्ण म्हणत नव्हती. साथ बाहेरून येत असते तेव्हा ही अट उपयोगी पडते. पण ती ठेवायची तर अट न बसणाऱ्या गंभीर रुग्णांपैकी काहींची चाचणी पहिल्या दिवसापासून करत राहायला हवं. त्यांच्यात एक जरी सापडला तरी अट कालबाह्य झाल्याचं कळतं.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यावा लागतो. इबोलासारख्या आजारात ‘खात्रीच्या रुग्णाशी संपर्क’ ही अट संभाव्य पातळीत असते आणि ती योग्य आहे. हा आजार संपर्काने पसरतो हे आधीच ठाऊक आहे, ते आपण सिद्ध करायला निघालेलो नाही. ज्ञात मार्ग व्याख्येत चालतो, तपासाखालचा संशय चालत नाही.

व्याख्या वाटेत बदलावी लागते, आणि त्यात लाज काहीच नाही. पहिल्या दिवशी आजाराचं नावही माहीत नसतं, तेव्हा सैल असणं बरोबरच आहे. पण बदल करायचा तर आधीच्या सगळ्या नोंदींना नवी व्याख्या लावून पुन्हा मोजावं लागतं, नाहीतर बदलाच्या तारखेला आलेखात खोटा सुळका किंवा खोटा खड्डा दिसतो. पुन्हा मोजणं जमतं की नाही, हे लाइन लिस्टवर अवलंबून असतं, म्हणजे एका ओळीत एक माणूस अशी जी यादी असते तिच्यावर. तिच्यात फक्त ‘संभाव्य’ असा शिक्का मारला असेल तर परतीचा रस्ता बंद. पिवळे डोळे: होय, कोणी पाहिले, लघवी गडद: नाही, एएलटी किती, आजार कधी सुरू झाला, रक्त कधी घेतलं, असे वेगळे रकाने भरले असतील तर व्याख्या दहादा बदलली तरी तासाभरात नवी मोजणी निघते. पातळी हा शेवटचा रकाना, आणि तो बाकीच्या रकान्यांवरून काढायचा.

त्याच वेळी निगेटिव्ह चाचणीचं काय करायचं हेही लिहून ठेवायचं, आणि निकाल हातात येण्याआधी. हिपॅटायटिस ईमध्ये कावीळ दिसेपर्यंत आयजीएम बहुधा तयार झालेलं असतं. त्यामुळे चांगल्या किटवर निगेटिव्ह आलेला काविळीचा रुग्ण यादीतून काढून त्याची हिपॅटायटिस ए आणि इतर कारणांसाठी तपासणी करणं योग्य. लेप्टोस्पायरोसिसमध्ये हाच नियम लावला तर घात होईल. तिथे पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडं नसणं साहजिक आहे, म्हणून तो माणूस संभाव्यच राहतो आणि रक्त पुन्हा घ्यावं लागतं. निकाल आल्यावर नियम ठरवला, तर नको असलेले रुग्ण काढायचा मोह आवरत नाही.

आपल्या साथीत हिपॅटायटिस ई ठरल्यावर प्रत्येकाचं रक्त तपासत बसायची गरज उरत नाही. ‘अ’मध्ये ज्यांची कावीळ कर्मचाऱ्याने पाहिली अशा १२५ पैकी १२० जण खरे रुग्ण आहेत, म्हणजे ९६ टक्के. चाचणी यात फार भर घालत नाही. पण तेच पिवळे डोळे ‘ब’मध्ये दिसले तर १७ पैकी १२ खरे, म्हणजे ७१ टक्के. व्याख्या तीच, कार्यकर्ता तोच, आणि तरी तिच्यावर ठेवायचा विश्वास वेगळा, कारण त्या भागात आजारच कमी आहे. म्हणून हातात मोजके किट असतील तर ‘अ’मध्ये निवडक आणि ‘ब’मध्ये प्रत्येकाची चाचणी करावी असं मी म्हणेन. शिबिरात घडलं त्याच्या नेमकं उलट. मात्र अशी वाटणी केल्यावर ‘अ’ आणि ‘ब’ यांच्या खात्रीच्या आकड्यांची तुलना करायची नाही, ही अट वर आलीच आहे.

हीच गोष्ट काळालाही लागू पडते. साथ भरात असताना काविळीचा रुग्ण बहुधा साथीचाच असतो. पाणी दुरुस्त झाल्यावर रुग्ण घटत जातात, पण पित्ताशयातले खडे, दारू, औषधं आणि जुने आजार यांची नेहमीची कावीळ सुरूच राहते. दोन महिन्यांनी आठवड्याला तीन-चार रुग्ण येत असतील तर ते साथीचं शेपूट आहे की रोजचं चित्र, हे संभाव्यच्या व्याख्येवरून सांगता येत नाही. तेव्हा मात्र येणाऱ्या प्रत्येकाचं रक्त तपासावं लागतं. यावर साथ संपल्याचं जाहीर करण्याची तारीखही अवलंबून असते: शेवटचा खात्रीचा रुग्ण कधी आजारी पडला, तिथून पुढे दहा आठवड्यांची ती लांब मुदत मोजायची असते, आणि एका खड्याच्या काविळीला रुग्ण धरलं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

शेवटच्या अहवालात तिन्ही पातळ्यांचे आकडे वेगवेगळे द्यायचे, आणि कोणत्या प्रश्नाला कोणते वापरले तेही. पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४ ते २०१६ च्या इबोला साथीत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन मिळून २८,६०० हून जास्त रुग्ण झाले असं सांगितलं जातं. त्यापैकी प्रयोगशाळेत खात्री झालेले सुमारे १५,२०० होते. उरलेल्यांत असे अनेक होते ज्यांचा नमुना घ्यायच्या आत मृत्यू झाला, आणि काही असेही असणार ज्यांना इबोला नव्हताच. दोन्ही आकडे खरे आहेत. कोणता घ्यायचा हे आपण काय विचारतो आहोत त्यावर ठरतं, पण त्याची निवड वाचणाऱ्याला करता यावी एवढी सोय लिहिणाऱ्याने ठेवली पाहिजे.